फोटोतली पिकअप किती किलोची?

‘एक नंबर गाडी, सिंगल हँड, १.७ टन पासिंग’ अशा ओळीखाली तीन फोटो येतात. एका फोटोत गाडीचे तोंड, दुसऱ्यात धुऊन पुसलेला डॅशबोर्ड आणि तिसऱ्यात हार घातलेली गणपतीची मूर्ती. भाजीपाला, बेकरी, किराणा किंवा हार्डवेअरचा व्यापार करणाऱ्याला जुनी मालवाहू गाडी घ्यायची असली, की खरेदीची सुरुवात हल्ली बहुतेक वेळा अशीच होते. किंमत लिहिलेली असते, वर्ष लिहिलेले असते. पण गाडी कायद्याने किती किलो उचलू शकते, हे मात्र विकणाऱ्याच्या शब्दावर सोडलेले असते. आणि जुन्या गाडीचा भाव योग्य आहे की नाही, हे याच एका आकड्यावर ठरते.

गाडी ओळखताना प्रत्येकाची नजर आधी समोरच्या जाळीवर आणि बिल्ल्यावर जाते. बिल्ल्यावरून कंपनी कळते, तोंडावरून घराणे कळते. बॉनेट पुढे आलेले असेल तर ती बोलेरो पिकअप किंवा टाटा योद्धा यांच्या वर्गातली, म्हणजे साधारण एक टनाच्या वरची. तोंड चपटे असेल तर पर्याय वाढतात: टाटा एस, सुप्रो, मारुतीची सुपर कॅरी, इंट्रा, अशोक लेलँडची दोस्त आणि तिचा मोठा भाऊ बडा दोस्त. टाटा एस २००५ मध्ये बाजारात आली आणि तिचे ‘छोटा हत्ती’ हे नाव इतके चालले, की आता कुठल्याही चपट्या तोंडाच्या चारचाकीला ते चिकटते. त्यामुळे फोटोखाली ‘छोटा हत्ती’ लिहिले असेल तर त्यावरून पेलोड धरू नये. मूळ एसचे पेलोड पाऊण टन, म्हणजे ७५० किलो आहे. त्याच नावाने विकायला आलेली दुसरी गाडी एक टनाची असू शकते, किंवा सहाशे किलोचीही.

खरी अडचण घराणे ओळखल्यानंतर सुरू होते. एकाच तोंडाच्या गाड्या वेगवेगळ्या वजनाच्या असतात. टाटा इंट्राच घ्या. व्ही १० चे पेलोड १,००० किलो, व्ही ३० चे १,३०० आणि व्ही ५० चे १,५००. समोरून काढलेल्या फोटोत या तिघी बहिणी शोभतात. बोलेरो पिकअपचेही तसेच. १.३ टन आणि १.७ टन या दोन्हींचे तोंड एकच, फरक मागे हौद्यात, टायरात आणि पाट्यांत. दाराजवळचा मॉडेलचा स्टिकर हा फरक सांगतो खरा, पण गाडी एकदा रंगवली की तो जातो, आणि नवा स्टिकर कुठल्याही ॲक्सेसरीच्या दुकानात मिळतो.

म्हणून समोरचा फोटो बाजूला ठेवून विकणाऱ्याकडे आधी डाव्या बाजूचा फोटो मागावा. कारण साधे आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५८ नुसार मालवाहू गाडीची वजने नोंदणी पुस्तकात लिहिली जातात आणि तीच गाडीच्या डाव्या बाजूला रंगवून दाखवावी लागतात. डाव्या दारावर किंवा हौद्याच्या पुढच्या कोपऱ्यात पांढऱ्या-काळ्या अक्षरांत यूएलडब्ल्यू आणि आरएलडब्ल्यू किंवा जीव्हीडब्ल्यू असे आकडे दिसतात. पहिला आकडा रिकाम्या गाडीचे वजन, दुसरा मालासकट एकूण परवानगी. दुसऱ्यातून पहिला वजा केला की पेलोड निघते. काही गाड्यांवर पीएल म्हणून तेही लिहिलेले असते, पण वजाबाकी स्वतः करून पाहावी. पेंटरच्या हातून आकडा चुकल्याची उदाहरणे रस्त्यावर रोज दिसतात.

या वजाबाकीत एक खाच आहे. कायद्याच्या व्याख्येत रिकाम्या गाडीच्या वजनात ड्रायव्हर आणि हमाल धरलेले नसतात. ते पेलोडमधून जातात. ७५० किलोच्या एसमध्ये दोन माणसे बसली, की मालाला सव्वासहाशेच्या आसपासच उरतात. मोठ्या गाडीत ही घट नजरेआड करता येते, छोट्या गाडीत ती दर फेरीला जाणवते.

दारावरचे आकडे पुसलेले किंवा नव्या रंगाखाली गेलेले असले तर हौद्याची लांबी फोटोतूनच काढता येते. त्यासाठी फोटो बरोबर बाजूने, पंधरा-वीस फूट लांबून आणि छातीच्या उंचीवरून काढलेला हवा. जवळून किंवा कोपऱ्यातून काढलेल्या फोटोत पुढचा भाग फुगतो आणि हौदा आखूड दिसतो. कधी कधी मुद्दाम उलट दिशेने काढून हौदा लांबवलेलाही असतो. चांगला बाजूचा फोटो मिळाला की टायरचा व्यास मापाची पट्टी म्हणून वापरायचा. टायरच्या बाजूवर १४५ आर १२ असे काही लिहिलेले असते. १२ इंच म्हणजे साधारण ३०५ मिलिमीटरची रिम, तिच्या वर आणि खाली मिळून सुमारे २४० मिलिमीटर रबर, म्हणजे पूर्ण टायर जवळपास ५४ सेंटिमीटरचा. मोबाइलच्या पडद्यावर टायर एक सेंटिमीटर आणि हौदा चार सेंटिमीटर भरला, तर हौदा सव्वादोन मीटरच्या आतबाहेर, म्हणजे सात फुटी. एसचा हौदा तेवढाच असतो. इंट्रा व्ही ३० चा हौदा पावणेनऊ फुटांच्या आसपास आणि व्ही ५० चा पावणेदहाच्या आसपास भरतो. टायर दबलेला असेल किंवा फोटो जरा तिरका असेल तर अर्धा फूट इकडेतिकडे होते, म्हणून एकमेकांना लागून असलेल्या दोन मॉडेलांत या पद्धतीने निकाल देऊ नये. सात फुटी आणि नऊ फुटी यांतला गोंधळ मात्र ती नक्की सोडवते. शंका उरलीच तर मागचा फाळका पाडून हौद्यात टेप पसरलेला फोटो मागवावा. खरा विकणारा तो दोन मिनिटांत पाठवतो.

लांबी आणि वजन या दोन वेगळ्या गरजा आहेत, हे व्यापाऱ्याने आधी स्वतःशी ठरवलेले बरे. मेथी-कोथिंबीर, पाव, थर्माकोल किंवा रिकामे डबे नेणाऱ्याची गाडी वजन भरण्याआधी जागेने भरते. त्याला किलोपेक्षा फूट महत्त्वाचे. कांद्याच्या गोण्या, फरशी, लोखंड, तेलाचे डबे यांचे उलटे असते. तिथे हौदा अर्धा रिकामा दिसत असतानाच गाडीचे पेलोड संपलेले असते.

सीएनजी गाडी असेल तर आणखी एक वजाबाकी येते. टाक्या जड असतात आणि त्यांचे वजन पेलोडमधून कमी होते. मारुती सुपर कॅरी पेट्रोलवर ७४० किलो उचलते, तर सीएनजी प्रकारात ६२५. म्हणजे त्याच तोंडाच्या, त्याच हौद्याच्या गाडीत ११५ किलोंचा फरक. फोटोत काचेवर किंवा मागे सीएनजीचा हिरवा स्टिकर आहे का, हौद्याखाली चासीला आडवी टाकी दिसते का, हे पाहावे. नवी उच्च सुरक्षा पाटी बसवलेल्या गाडीच्या काचेवर आतून एक छोटा रंगीत स्टिकरही असतो. तो फिकट निळा असेल तर पेट्रोल किंवा सीएनजी, नारिंगी असेल तर डिझेल. वरच्या कडेला हिरवी पट्टी असेल तर गाडी बीएस ६. भारतात बीएस ६ गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२० पासून सक्तीची झाली. त्यामुळे ‘२०२१ मॉडेल’ म्हणून दाखवलेल्या गाडीच्या स्टिकरवर ही पट्टी नसेल, तर प्रश्न विचारायला जागा आहे. नंबर पाटी नवीकोरी आहे, यावरून मात्र वय ठरवू नये. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही आता महाराष्ट्रात अशी पाटी बसवून घ्यावी लागते, त्यामुळे दहा वर्षांच्या गाडीवरही ती चकाकते.

पाट्यांकडे बारकाईने पाहावे, कारण विकणारा बहुधा त्यांचाच अभिमान सांगतो. ‘पाटे वाढवलेत, दोन टन आरामात ओढते’ हे वाक्य ऐकून आनंदणारे ग्राहक कमी नाहीत. पण वाढवलेल्या पाट्यांनी कागदावरचे पेलोड एक किलोनेही वाढत नाही. त्यांनी एवढेच सिद्ध होते, की गाडी तिच्या कुवतीपेक्षा जास्त ओढत आली आहे, आणि तो ताण चासी, मागचा धुरा आणि ब्रेकने सोसलेला आहे. ठरल्यापेक्षा जास्त माल भरल्यास कायद्यात २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये आहेत, हेही अशा वेळी डोक्यात असावे. बाजूच्या फोटोत केबिन आणि हौदा यांच्यामधली फट वरून खालपर्यंत सारखी दिसते का, ते पाहावे. वर अरुंद आणि खाली रुंद, किंवा उलट असेल, तर चासी वाकलेली असण्याची किंवा हौदा उचलून पुन्हा बसवलेला असण्याची शक्यता असते. रिकामी गाडी मागे झुकून उभी असेल तर पाटे दमलेले आहेत.

आता हे सगळे एका व्यवहारावर चालवून पाहू. आकडे समजण्यापुरते घेतलेले आहेत, पण अशा जाहिराती रोज दिसतात. नारायणगावचा एक टोमॅटो व्यापारी वाशीला माल नेण्यासाठी गाडी शोधतो आहे. त्याच्यासमोर दोन फोटो आहेत. पहिली बोलेरो पिकअप, सप्टेंबर २०१९ ची, जाहिरातीत ‘१.७ टन’, मागणी ५ लाख २० हजार. दुसरी इंट्रा व्ही ३०, २०२१ ची, मागणी ५ लाख ६० हजार. पहिल्या नजरेला बोलेरोच स्वस्त आणि ताकदवान. शंभर किलो पेलोडमागे किंमत काढली तर बोलेरो सुमारे ३०,६०० रुपयांना पडते आणि १,३०० किलोची इंट्रा सुमारे ४३,१०० ला. एवढ्या फरकावर बहुतेक जण त्याच संध्याकाळी विसार देऊन मोकळे होतील.

व्यापाऱ्याने डाव्या दाराचा फोटो मागवला. त्यावर यूएलडब्ल्यू १,६९५ आणि जीव्हीडब्ल्यू २,९९५ असे आकडे निघाले. वजाबाकी १,३००. म्हणजे गाडी १.३ टनाची आहे, ‘१.७’ हा आकडा विकणाऱ्याच्या बोलण्यात कुठून तरी शिरला. १.३ धरून हिशेब पुन्हा केला तर शंभर किलोमागे भाव बरोबर ४०,००० रुपये होतो, आणि दोन गाड्यांमधला मोठा वाटणारा फरक तीन हजारांवर येतो. मालाच्या भाषेत सांगायचे तर टोमॅटोचा भरलेला क्रेट साधारण २२ किलोचा धरला आणि दोन माणसांचे १३० किलो वजा केले, की १.७ टनाच्या गाडीत ७१ क्रेट गेले असते, इथे ५३ जातात.

तरी १.३ टनाची बोलेरो वाईट सौदा ठरत नाही, आणि त्याचे कारण ते २,९९५ च आहे. ज्या मालवाहू गाडीचे एकूण वजन ३,००० किलोंपर्यंत असते, तिला मालवाहतुकीचा परवाना काढावा लागत नाही. कंपन्या अनेक मॉडेले या रेषेच्या जरा खाली का थांबवतात, हे यावरून कळते. १.७ टनाची पिकअप रेषेच्या वर जाते, म्हणून तिच्याबरोबर परवान्याचा खर्च आणि कागदही येतात. जो व्यापारी रोज पन्नासच क्रेट नेतो, त्याला तो खर्च नको असतो. इंट्रा व्ही ३० चे एकूण वजन २,५६५ किलो आहे, म्हणून तीही परवान्याच्या बाहेर, आणि रिकामी असताना बोलेरोपेक्षा चारशेहून अधिक किलो हलकी. वाशीहून रिकामे परत येताना डिझेल तिथे वाचते. उलट पावसाळ्यात शेताच्या बांधापर्यंत गाडी घालायची असेल, तर बोलेरोची उंची आणि जाड टायर उपयोगी पडतात. हा निर्णय फोटोवर होत नाही. माल रस्त्यावरून उचलायचा की रानातून, हे व्यापाऱ्यालाच माहीत असते.

नोंदणी क्रमांक फोटोत दिसला की एमपरिवहन ॲपवर तो टाकावा. मॉडेल, नोंदणीची तारीख, इंधन, फिटनेस कधीपर्यंत आहे, विमा आणि कर्ज कोणाचे हे तिथे दिसते. मालकाचे नाव अर्धवट झाकलेले असते. मॉडेलच्या नावात जाहिरातीपेक्षा वेगळे काही आले, तर बोलणे तिथेच थांबवलेले बरे. आपल्या व्यापाऱ्याच्या उदाहरणात बोलेरोवर बँकेचा बोजा दिसला. म्हणजे एचपी उतरवण्यासाठी बँकेची एनओसी आणि नमुना ३५ हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे द्यायचे नाहीत. फिटनेसचे वेळापत्रकही भावात धरावे लागते. मालवाहू गाडीला आठ वर्षे होईपर्यंत दोन-दोन वर्षांनी फिटनेस करावे लागते, त्यानंतर दरवर्षी. सप्टेंबर २०१९ ची गाडी सप्टेंबर २०२७ मध्ये त्या वार्षिक चक्रात जाईल. २०२१ च्या इंट्राला अजून दोन वर्षे जास्त मिळतात. आरसी पुस्तकाचा फोटो मागवला, की उत्पादनाचा महिना आणि दोन्ही वजने पुन्हा तपासता येतात. बहुतेक घोटाळे याच पानावर उघडे पडतात, म्हणून ते पान पाठवायला सर्वांत जास्त उशीर होतो.

आणि एक गोष्ट कागदावर सापडत नाही, ती काट्यावर सापडते. जुन्या पिकअपवर बहुधा जाळीची चौकट, ताडपत्रीचे लोखंडी हूप, तळाला जाड पत्रा, वर मालकाच्या आवडीचा कॅरिअर असे बरेच काही चढलेले असते. या सगळ्याचे वजन आरसीतल्या रिकाम्या वजनात धरलेले नसते. विसार देण्याआधी रिकामी गाडी जवळच्या वजनकाट्यावर नेऊन, ड्रायव्हरला खाली उतरवून एक पावती काढावी. त्याला फार खर्च येत नाही.

त्या बोलेरोच्या पावतीवर १,८१० किलो आले असे धरू. आरसीपेक्षा ११५ किलो जास्त. २,९९५ मधून १,८१० गेले की १,१८५ उरतात, आणि दोन माणसे वजा केली की १,०५५. म्हणजे ५३ नव्हे, ४७ क्रेट. आता शंभर किलोमागे भाव जवळपास ४३,९०० होतो, म्हणजे दोन वर्षांनी नव्या असलेल्या इंट्रापेक्षाही जरा वर. अर्थात इंट्रालाही त्याच काट्यावर चढवावे लागेल; तिच्यावरही कोणी हूप बसवलेले असतीलच. जाळी व्यापाऱ्याच्या कामाची नसेल तर ती काढून विकणाऱ्याला परत देता येते आणि वजन पुन्हा खाली येते. ती हवी असेल, तर शंभर किलोमागे ४०,००० हाच दर धरून बोलेरोची मागणी ४ लाख ७५ हजारांच्या आसपास आणायला पावती पुरेशी आहे. विकणारा त्यावर पाट्यांची गोष्ट पुन्हा काढेल.